हाडं ठिसूळ म्हणून चालू असलेलं सहामाही इंजेक्शन थांबवलं तर हाडात नेमकं काय होतं

प्रश्न: आईला (वय ६६) हाडं ठिसूळ झालीत म्हणून साडेतीन वर्षं दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू आहे. आता डेक्सा रिपोर्ट बराच सुधारलाय, तर बंद केलं तर चालेल का? आणि हे इंजेक्शन हाड खाणाऱ्या पेशी मारतं असं ऐकलं, मग जुनं हाड आत तसंच साठत राहत नाही का?

उत्तर:

आधी कामाचं सांगतो, बाकीचं नंतर वाचा. नुसतं बंद करू नका. शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला झालं ते आत्ता कागद काढून बघा, त्या तारखेपासून सहा महिने मोजा, आणि त्याच्या पुढे एक महिन्याच्या वर काहीही झालं तरी जाऊ देऊ नका. हे औषध थांबवता येतं, पण त्याच्या जागी दुसरं औषध देऊनच थांबवायचं असतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढचा डोस घेतलाच नाही असे पेशंट आमच्याकडे मणक्याची फ्रॅक्चर घेऊन येतात आणि एक नाही, दोन-तीन मणके एकदम बसलेले असतात. हे का होतं ते कळायचं तर हाडात रोज काय चाललेलं असतं ते बघायला लागेल, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

मोठ्या माणसाच्या सांगाड्यातलं साधारण १० टक्के हाड दरवर्षी नवीन होतं. पण ते सगळीकडे सारखं होत नाही. मांडीच्या हाडाचं बाहेरचं घट्ट कवच हळू बदलतं, मणक्याच्या आतलं जाळीदार हाड खूप वेगाने बदलतं, कारण त्या जाळीला पृष्ठभाग जास्त आणि मज्जा अगदी चिकटून. आणि हे बदलणं म्हणजे सगळं हाड थोडं थोडं झिजतं आणि थोडं थोडं भरतं असं नाही. एका वेळी सांगाड्यात दहा-वीस लाख छोट्या छोट्या जागांवर काम चालू असतं, प्रत्येक जागी आधी खड्डा होतो, मग तोच खड्डा भरला जातो, बाकीचं हाड तोवर शांत असतं. अमेरिकन सर्जन हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९६०च्या दशकात ही गोष्ट मांडली, की खोदणाऱ्या आणि भरणाऱ्या पेशी एकाच जागी टीम म्हणून, एकापाठोपाठ एक काम करतात. आज आपण जी काही औषधं वापरतो ती सगळी ह्याच गणितात कुठेतरी हात घालतात.

खोदणारी पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. ही मुळात हाडाची पेशीच नाही, ती रक्ताच्या घराण्यातली, मज्जेत ज्या मोनोसाइट तयार होतात त्याच कुळातली. अशा बऱ्याच पेशी एकमेकींत विरघळून एक मोठी पेशी होते, म्हणून मायक्रोस्कोपखाली बघितलं की एकाच पेशीत पाच, दहा, कधी वीस केंद्रकं दिसतात, ती ओळखायला फार शोधावी लागत नाही. ती हाडावर बसते तेव्हा कडेने घट्ट चिकटते, कट्ट्यावर वाटी उपडी दाबून ठेवावी तशी, आणि त्या बंद जागेत ॲसिड सोडते. आतला पीएच ४.५ च्या आसपास जातो. ॲसिडने कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार विरघळतात, मग उघडं पडलेलं कोलॅजन कापायला ती कॅथेप्सिन के नावाचं एन्झाइम सोडते. विरघळलेलं कॅल्शियम रक्तात जातं, कोलॅजनचे तुकडे पण रक्तात जातात, आणि त्यातलाच एक तुकडा आपण सीटीएक्स नावाच्या टेस्टमध्ये मोजतो. ह्या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. खड्डा साधारण ४० ते ६० मायक्रॉन खोल होतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडा कमी, आणि हे सगळं काम जाळीदार हाडात दोन ते चार आठवड्यांत उरकतं.

मग भरणारे येतात, ऑस्टिओब्लास्ट. हे हाडाच्याच घराण्यातले, आणि एकेकटे नाही, रांगेने खड्ड्याच्या तळाला बसतात. आधी कोलॅजनचा मऊ थर घालतात, त्यात क्षार अजून नसतात, त्याला ऑस्टिऑइड म्हणतात. ह्यांचा वेग दिवसाला एक मायक्रॉनच्याही थोडा आतलाच. म्हणजे ५० मायक्रॉनचा खड्डा भरायला किती दिवस लागतील तुम्हीच हिशोब करा, दोन-तीन महिने सहज गेले. शिवाय कोलॅजन घातल्यावर त्यात क्षार बसायला सुरुवात होईपर्यंत दहा-पंधरा दिवस जातात, त्यानंतर दोनतृतीयांशच्या आसपास क्षार लवकर बसतात आणि उरलेले हळूहळू बसत राहतात, काही महिने नाही, काही वर्षंसुद्धा. म्हणजे एका जागेचा पूर्ण फेरा चार ते सहा महिन्यांचा, त्यात खोदणं काही आठवड्यांचं आणि भरणं काही महिन्यांचं.

मला पूर्ण उत्तरात एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच आहे, खोदणं पटकन होतं आणि भरणं सावकाश. जोवर दर महिन्याला उघडणाऱ्या नव्या जागांची संख्या साधारण तेवढीच राहते तोवर ह्या फरकाने काही बिघडत नाही, कुठे खड्डे उघडताहेत, कुठे जुने भरताहेत, बेरीज तीच राहते. पण अचानक एकाच वेळी खूप जागी खोदकाम सुरू झालं, तर प्रत्येक खड्डा पुढे पूर्ण भरणार असला तरी मधले तीन-चार महिने हाडात नुसते उघडे खड्डे असतात. आणि मणक्याच्या जाळीतल्या काड्या असतात किती जाड, तर १०० ते २०० मायक्रॉन. एका बाजूने ५० आणि दुसऱ्या बाजूने ५० खोदलं गेलं तर बारीक काडी मध्येच तुटते. काडी तुटली की मग ऑस्टिओब्लास्ट आले तरी त्यांना बसायला तळच नाही, तो दुवा कायमचा गेला. मेनोपॉजनंतर पहिल्या काही वर्षांत मणक्यांचं जे नुकसान होतं ते बरंचसं असंच होतं. इस्ट्रोजेन गेलं की खोदायच्या जागा वाढतात, एकेक ऑस्टिओक्लास्ट जगतोही जास्त दिवस, आणि आतल्या काड्या तुटत जातात.

आता तिसरी पेशी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, कारण कुठे खोदायचं आणि कुठे नाही हे बरंचसं तीच ठरवते. ऑस्टिओब्लास्टचं काम संपलं की बहुतेक मरतात, काही पृष्ठभागावर चपट्या होऊन पडून राहतात, आणि थोड्या स्वतः घातलेल्या हाडातच गाडल्या जातात. त्या गाडल्या गेलेल्या पेशी म्हणजे ऑस्टिओसाइट. हाडातल्या एकूण पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त ह्याच. ऑस्टिओक्लास्टचं आयुष्य दोनेक आठवड्यांचं, ऑस्टिओब्लास्टचं काही महिन्यांचं, पण ऑस्टिओसाइट कित्येक वर्षं, काही तर दशकं जगतात. त्या प्रत्येकीला डझनांनी लांब बारीक फाटे असतात, ते हाडातल्या सूक्ष्म नळ्यांमधून शेजारच्या ऑस्टिओसाइटला आणि पृष्ठभागावरच्या पेशींना जाऊन भिडतात. आपण जिना चढलो, बादली उचलली की हाड किंचित वाकतं, नळ्यांमधलं पाणी हलतं, आणि ते हलणं ह्या पेशींना कळतं. भार पडतोय असं कळलं की त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन कमी सोडतात. स्क्लेरोस्टिनचं काम ऑस्टिओब्लास्टला दाबून ठेवायचं, त्यामुळे ते कमी झालं की तिथे हाड भरलं जातं. माणूस अंथरुणाला खिळला की ह्याच्या बरोबर उलटं होतं.

आणि खोदायचा आदेशही इथूनच. रोजच्या वापराने हाडात बारीक तडे जातात, एक्सरेत कधीच दिसणार नाहीत इतके बारीक. तडा नळ्यांमधून गेला की फाटे तुटतात, तिथल्या ऑस्टिओसाइट मरतात, आणि कडेच्या जिवंत ऑस्टिओसाइट रँक लिगँड नावाचा सिग्नल वाढवतात. हा सिग्नल मोनोसाइट कुळातल्या पेशींना मिळाला की त्या एकत्र येऊन ऑस्टिओक्लास्ट होतात आणि तडा गेलेलं नेमकं तेवढंच हाड काढतात. आधी असं मानायचे की हा सिग्नल मुख्यतः ऑस्टिओब्लास्ट देतात, पण २०११ मध्ये उंदरांवरच्या दोन वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं की मोठ्या वयाच्या हाडात तो मुख्यतः ऑस्टिओसाइटकडूनच येतो. ह्या सिग्नलला लगामही शरीराकडेच आहे, ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं प्रोटीन, १९९७ मध्ये सापडलं, ते रँक लिगँडला धरून ठेवतं आणि पुढे पोचूच देत नाही. ज्या उंदरांत हे प्रोटीन नाही त्यांची हाडं पोकळ होतात, ज्यांच्यात ते फार जास्त त्यांची हाडं नको इतकी भरीव.

आईंचं इंजेक्शन म्हणजे हाच लगाम, बाहेरून दिलेला. डेनोसुमॅब ही रँक लिगँडला धरणारी अँटिबॉडी आहे, ६० मिलिग्रॅम, त्वचेखाली, दर सहा महिन्यांनी. म्हणजे ते ऑस्टिओक्लास्टला थेट मारत नाही, त्यांना मिळणारा सिग्नल अडवतं. सिग्नल नाही तर नवीन तयार होत नाहीत आणि असलेल्या टिकत नाहीत. इंजेक्शन दिल्यावर तीन दिवसांत सीटीएक्स धाडकन पडतं. २००९ मध्ये आलेल्या फ्रीडम नावाच्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्याची नवीन फ्रॅक्चर ६८ टक्क्यांनी कमी झाली आणि खुब्याची ४० टक्क्यांनी, तर औषध चांगलंच आहे ह्यात मला शंका नाही, मी स्वतः भरपूर वापरतो.

पण रिपोर्ट सुधारला म्हणजे आत काय झालं ते समजून घ्या. खोदणं थांबलं, आधी उघडे असलेले खड्डे ऑस्टिओब्लास्टनी भरून घेतले, ही पहिली वाढ. मग जुन्या हाडाला कोणी हात लावत नाही म्हटल्यावर त्यात क्षार बसत राहिले, ते जास्त घट्ट झालं, ही दुसरी वाढ. डेक्सा मशीन क्षार मोजतं, त्यामुळे आकडा वर गेला. शिवाय खुब्यासारख्या भार पडणाऱ्या जागी खोदल्याशिवायही थोडं नवीन हाड वर चढतं असं दिसतं, ती तिसरी वाढ. तुटलेल्या काड्या मात्र परत जोडल्या गेल्या असं समजू नका. हाड पूर्वीपेक्षा मजबूत झालं हे खरं, पण ती मजबुती खोदकाम बंद असण्यावर अवलंबून आहे.

आणि सिग्नल अडवलेला असताना ज्या पेशी ऑस्टिओक्लास्ट होणार होत्या त्या नाहीशा होत नाहीत, ताटकळत बसतात. २०२१ मध्ये उंदरांत असंही दिसलं की ऑस्टिओक्लास्ट काम झाल्यावर दर वेळी मरतातच असं नाही, त्या फुटून छोट्या पेशी होतात, त्यांना ऑस्टिओमॉर्फ नाव दिलंय, आणि सिग्नल मिळाला की ह्या छोट्या पेशी पुन्हा एकत्र येऊन ऑस्टिओक्लास्ट होतात. रँक लिगँड अडवला की ह्यांची गर्दी साठते. माणसात तंतोतंत असंच होतं का हे त्यावरून ठरत नाही, पण क्लिनिकमध्ये जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. शिवाय साडेतीन वर्षांत जे बारीक तडे दुरुस्त व्हायचे होते ते तसेच राहिलेत, म्हणजे खोदायला बोलावणाऱ्या जागाही वाट बघताहेत. सहा महिन्यांनी अँटिबॉडी रक्तातून संपते, आणि सगळीकडे एकदम काम सुरू होतं. सीटीएक्स औषधाआधी होतं त्याच्याही बरंच वर जातं आणि वर्षभर, कधी दोन वर्षंही वर राहू शकतं. कमावलेली बोन डेन्सिटी बहुतेक वर्षभरात जाते. आणि वर सांगितलं तसं खोदणं पटकन, भरणं सावकाश, त्यामुळे पहिल्या झटक्यात मणक्यांची जाळीच उघडी पडते.

एक केस सांगतो, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. ६८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत डेन्सिटी किती कमी ते सांगणारा आकडा, उणे ३.२ होता, चार वर्षांत उणे २.३ वर आला, घरचे सगळे खूश. दाढ काढायची होती, तिथे त्यांना सांगितलं की हे इंजेक्शन जबड्याला वाईट, थांबवा. थांबवलं, आणि ज्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं त्यांना कोणी विचारलंच नाही. शेवटच्या डोसनंतर दहाव्या महिन्यात देवघरातलं समईचं ताट उचलताना पाठीत कळ आली. पडल्या नाहीत, धडपडल्या नाहीत. घरी शेक घेतला, चोळलं, लचक भरली असं सगळ्यांना वाटलं. तीन आठवड्यांनी खाटेवरून उठताना दुसरी कळ आली, ह्या वेळी थोडी खाली. एक्सरे काढला तर डी१२ आणि एल१ हे पाठ आणि कंबर जुळते तिथले मणके पुढून बसलेले, पाचरीसारखे, आणि एल३ चा वरचा भाग खचलेला. सीटीएक्स नेहमीच्या मर्यादेच्या दुप्पट, आता ताज्या फ्रॅक्चरनेही सीटीएक्स वाढतं हे धरलं तरी दुप्पट म्हणजे खूप. आणि गंमत नाही, धोका बघा, त्याच वेळी काढलेल्या डेक्सात एल१ चा आकडा बाकीच्यांपेक्षा चांगला दिसत होता, कारण मणका दबला की तेवढंच कॅल्शियम कमी जागेत मावतं आणि मशीनला तो घट्ट वाटतो. म्हणून मी मणक्याच्या आकड्याबरोबर खुब्याचा आकडा बघतो आणि पाठीचा बाजूने काढलेला एक्सरे मागतो. ह्या बाईंना इंजेक्शन परत सुरू केलं, दुखण्याची औषधं, ड जीवनसत्त्व, काही आठवडे जपून हालचाल, आणि नंतर नवीन मणका बसला नाही. पण त्या तिन्ही मणक्यांची उंची गेली ती गेली, पाठीला बाक आला.

दाताचं म्हणाल तर जबड्याचं हाड उघडं पडणं हा प्रकार खराच आहे, पण हाडांच्या ठिसूळपणासाठी जो डोस देतात त्यात तो फार क्वचित होतो, कॅन्सरच्या पेशंटना ह्याचेच मोठे डोस दर महिन्याला देतात तिथे जास्त. दात काढायचा असेल तर तो दोन इंजेक्शनांच्या मधे असा बसवायचा की जखम भरून मग पुढचा डोस वेळेवर होईल. डोस पुढे ढकलायचा नाही, दाताची तारीख ढकलायची.

आता जुनं हाड साठण्याचा तुमचा प्रश्न, तो अगदी बरोबर पकडलाय तुम्ही. हो, साठतं. दुरुस्ती थांबली की बारीक तडे राहतात, आणि वर्षानुवर्षं राहिले तर त्यातलाच एखादा मोठा होतो. मांडीच्या हाडाचं एक वेगळं फ्रॅक्चर असतं, खुब्याच्या खाली, हाडाच्या बाहेरच्या बाजूने सुरू होऊन जवळजवळ आडवं जाणारं, मोठा मार नसताना होणारं. त्याची सूचना बऱ्याचदा आधी मिळते, मांडीत किंवा जांघेत कित्येक आठवडे ठणका असतो आणि एक्सरेत बाहेरच्या कडेला हाड फुगून जाड झालेलं दिसतं. आईंना असं दुखायला लागलं तर गुडघेदुखी समजून तेल लावत बसू नका, दोन्ही मांड्यांचा पूर्ण लांबीचा एक्सरे काढा, कारण अर्ध्या झालेल्या तड्यावर वेळेत उपाय होतो. पण प्रमाण बघा, हे क्वचित होतं, आणि ठिसूळ हाडांनी मणके-खुबे मोडणं हे रोजचं. फ्रीडममधल्या बायकांना पुढे एकूण दहा वर्षांपर्यंत औषध दिलं गेलं, तेव्हाही फ्रॅक्चरचं प्रमाण कमीच राहिलं. त्यामुळे जुनं हाड साठेल म्हणून घाबरून अचानक बंद करणं म्हणजे लहान धोका टाळायला मोठा पत्करणं.

मग बाहेर पडायचं कसं? आधी पडायचं का ते ठरवा. आईंना पूर्वी मणक्याचं किंवा खुब्याचं फ्रॅक्चर झालं असेल, स्टिरॉइड चालू असेल, किंवा खुब्याचा टी-स्कोअर अजून उणे २.५ च्या खाली असेल तर मी आत्ता थांबवणार नाही, चालू ठेवीन. ह्यातलं काही नसेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण सहा महिन्यांनी, म्हणजे पुढचा डोस ज्या सुमारास द्यायचा असतो त्याच सुमारास, त्याच्या जागी झोलेड्रोनिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची सलाइन देतात. हे औषध बिस्फॉस्फोनेट गटातलं, त्याची रीत एकदम वेगळी. ते हाडाच्या क्षारांनाच जाऊन चिकटतं, आणि ऑस्टिओक्लास्टने तिथे खोदायला घेतलं की विरघळलेल्या हाडाबरोबर ते औषधही तिच्या पोटात जातं आणि ती निकामी होते. हाडात ते वर्षानुवर्षं राहतं, म्हणून ते थांबवल्यावर असा उसळून येण्याचा प्रकार होत नाही. आणि लवकर का देत नाहीत, तर ते उघड्या, काम चालू असलेल्या जागांवर जास्त चिकटतं, खोदकाम पूर्ण बंद असताना दिलं तर चिकटायला जागाच कमी. फार उशीर केला तर तोवर खोदकाम पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून ती तारीख महत्त्वाची.

साडेतीन वर्षं औषध झालंय, आणि अडीच-तीन वर्षांपेक्षा जास्त झालं की उसळी मोठी असते, त्यामुळे एका सलाइनने भागेलच असं नाही. तीन महिन्यांनी आणि परत सहा महिन्यांनी सीटीएक्स करायचं, सकाळी उपाशीपोटी, दर वेळी त्याच लॅबमध्ये. केसांसाठी वगैरे बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला विचारून काही दिवस आधी बंद करा, काही मशीनवर त्याने आकडा चुकतो. सीटीएक्स चढायला लागलं तर दुसरी सलाइन लवकर द्यावी लागते, वर्षाची वाट बघायची नाही. किडनीचं काम फार कमी असेल, क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या खाली, तर ही सलाइन देत नाहीत, मग डेनोसुमॅबच चालू ठेवणं बरं पडतं. सलाइननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंग मोडून येणं बऱ्याच जणांना होतं, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, घाबरायचं काही नसतं.

काही ठिकाणी डेनोसुमॅब थांबवून टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शनं सुचवतात, हाड बनवणारं औषध म्हणून. नुसतं असं बदलू नका. टेरिपॅराटाइड ऑस्टिओब्लास्टना जोर देतं हे खरं, पण खोदकामही वाढवतं, आणि इथे खोदकाम आधीच उसळायच्या बेतात असतं, त्यामुळे डेन्सिटी उलट पडते. टेरिपॅराटाइड आधी आणि डेनोसुमॅब नंतर, हा क्रम चांगला चालतो.

आणि इंजेक्शन चालू ठेवणार असाल किंवा सलाइन घेणार असाल, दोन्हीच्या आधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन बघून घ्या. मघाशी म्हटलं ना, विरघळलेल्या हाडातलं कॅल्शियम रक्तात जातं, तो पुरवठाच तुम्ही बंद करताय. ड जीवनसत्त्व कमी असेल, आणि आपल्याकडे भरपूर ऊन असूनही ते खूप जणांचं कमी निघतं, तर इंजेक्शननंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ शकतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या, हातापायाला गोळे, असं झालं तर त्याच दिवशी तपासायचं. किडनीच्या पेशंटमध्ये हे जास्त गंभीर होतं. जेवणातून आणि गोळीतून मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे मध्यम दोन भाकऱ्या आणि दोन कप दूध झालं तर अर्ध्याच्या पुढे गेलात, उरलेलं गोळीने.

पुढचं वर्षभर लक्ष ठेवायच्या गोष्टी तशा दोनच. आईंची उंची आत्ता भिंतीला टेकवून मोजून लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी मोजा, दोन सेंटिमीटर कमी झाली तर दुखत नसलं तरी पाठीचा बाजूने एक्सरे काढा, कारण बसलेले बरेच मणके दुखत नाहीत. आणि न पडता, साधं काही उचलताना किंवा वाकताना पाठीत एकदम कळ आली आणि दोन-तीन दिवसांत उतरली नाही, तर चोळायचं नाही, मालिशवाल्याकडे तर अजिबात न्यायचं नाही, आधी एक्सरे, आणि तो बघणाऱ्या डॉक्टरांना शेवटच्या इंजेक्शनची तारीख न विसरता सांगायची.